सॅनिटायझरमध्ये पाणी का घालतात?

मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत टाकलं आणि 200 मिलीच्या बाटलीची कमाल किंमत 100 रुपये ठरवली. टंचाई दूर व्हावी म्हणून महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनीही सॅनिटायझर काढायला सुरुवात केली. त्यांच्याकडे मळीपासून बनलेलं, साधारण 96 टक्के स्पिरिट तयारच होतं. ते तसंच बाटलीत न भरता त्यात पाणी घालायचं, हे तेव्हा अनेकांना भेसळीसारखंच वाटलं. पण ही भेसळ नाही, औषधच आहे, हे ठरायला जवळजवळ साठ वर्षं लागली होती.

सुरुवात झाली ती अल्कोहोलच्या अपयशाने. 1881 मध्ये जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये तेव्हाची जंतुनाशकं एकेक करून तपासली. त्यांची रीत सोपी होती. रेशमाच्या धाग्यावर अँथ्रॅक्सचे, म्हणजे जनावरांतल्या फाशी रोगाचे बीजाणू वाळवायचे, धागा औषधात बुडवून ठेवायचा आणि मग त्यावर काही वाढतं का ते बघायचं. अल्कोहोलमध्ये बराच काळ ठेवूनही बीजाणू जिवंतच निघाले. निष्कर्ष अचूक होता, पण परीक्षा सगळ्यात अवघड पेपरावर घेतली होती. बीजाणू म्हणजे जिवाणूने वाईट काळासाठी स्वतःभोवती बांधलेलं जाड, कोरडं कवच. आत पाणी जवळपास नाही आणि व्यवहार बंद. हातावर सर्रास आढळणारे साधे जिवाणू असे नसतात. तरी अल्कोहोल काही कामाचं नाही, हा समज त्यानंतर काही वर्षं टिकला. 1888 मध्ये फ्युरब्रिंगर या जर्मन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी हात अल्कोहोलने धुवायची शिफारस केली, तेव्हा कुठे त्याकडे पुन्हा लक्ष गेलं.

अल्कोहोलला पाणी कशाला लागतं, या कोड्याचा उलगडा अमेरिकेत बॉस्टनमध्ये झाला. 1903 मध्ये हॅरिंग्टन आणि वॉकर या दोघांनी पुन्हा रेशमाचे धागे घेतले, पण एक फरक केला. काही धागे ओले ठेवले, काही नीट वाळवले. ओल्या धाग्यांवरचे, बीजाणू न बनवणारे जिवाणू 40 टक्क्यांच्या वरच्या कोणत्याही अल्कोहोलने पाच मिनिटांत मेले. वाळलेल्या धाग्यांवर मात्र निव्वळ अल्कोहोलने चोवीस तासांतही काही साधलं नाही. तेच वाळलेले जिवाणू 60 ते 70 टक्क्यांच्या मिश्रणात पटकन मेले.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण उत्तर त्या एका फरकातच आहे. ओला जिवाणू स्वतःचं पाणी सोबत घेऊन येतो, म्हणून त्याच्यावर तीव्र अल्कोहोलही चालतं. कोरड्याला पाणी आपण द्यावं लागतं. अल्कोहोल मारतं ते मुख्यतः प्रथिनं बिघडवून आणि पेशीचं स्निग्ध आवरण सैल करून. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. अल्कोहोल त्या घडीत शिरून ती उलगडतं. पण उलगडायला साखळीला हलता आलं पाहिजे, आणि ही मोकळीक पाण्यामुळे मिळते. निव्वळ अल्कोहोल आधी पाणीच ओढून घेतं. प्रथिन सुकतं आणि आहे त्या घडीत अडकतं. शिवाय हातावर ते क्षणात उडून जातं, काम करायला वेळ उरत नाही. उलट टोकाला, 50 टक्क्यांच्या खाली अल्कोहोलच कमी पडतं. तीव्र अल्कोहोल जिवाणूच्या बाहेर साय धरवतं म्हणून आत पोचत नाही, असंही सांगतात. बॉस्टनचे धागे मात्र सरळ पाण्याकडे बोट दाखवतात.

पुढे अमेरिकी सर्जन फिलिप प्राइस यांनी 1930 च्या दशकात धागे सोडून खऱ्या हातांवर काम केलं. हात एकामागून एक अशा अनेक भांड्यांत घासून धुवायचे आणि प्रत्येक भांड्यातले जिवाणू मोजायचे. त्यांच्या मते 70 टक्के सर्वांत चांगलं, पण हे 70 टक्के वजनाने होते. बाटलीवरचा आकडा बहुधा आकारमानाने असतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वजनाने 70 टक्के म्हणजे आकारमानाने जवळपास 77 टक्के. म्हणून ‘70 टक्के’ हा एकच आकडा दोन वेगळ्या द्रवांना लागू पडतो आणि अजून घोळ घालतो. लेबलवर v/v लिहिलं असेल तर ते आकारमान.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत दिलेली कृती हिशेबाला सोपी आहे. दहा लिटरसाठी 96 टक्के इथेनॉल, म्हणजे स्पिरिटमधलंच अल्कोहोल, 8333 मिली घ्यायचं, म्हणजे निव्वळ अल्कोहोल 8000 मिली झालं. त्यात 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरॉल 145 मिली, आणि उकळून थंड केलेलं पाणी दहा लिटरच्या खुणेपर्यंत. पाणी मोजून ओतायचं नाही, खुणेपर्यंतच भरायचं, कारण अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर एकूण आकारमान थोडं आकसतं. शेवटी अल्कोहोलमीटर बुडवून बघायचं. आकडा 80 च्या आसपास, फार तर पाच इकडेतिकडे यायला हवा. भांड्याचं झाकण उघडं राहिलं तर अल्कोहोल उडतं आणि तो खाली घसरतो.

या कृतीतलं पेरॉक्साइड हातासाठी नाही. अल्कोहोलमध्ये किंवा बाटलीत आधीच बीजाणू असतील तर ते नष्ट व्हावेत म्हणून ते आहे, आणि त्यासाठी भरलेल्या बाटल्या 72 तास तशाच ठेवायला सांगितल्या आहेत. म्हणजे कॉखना जे दिसलं ते आजही खरं आहे. ही गोष्ट नुसती पुस्तकी नाही. शस्त्रक्रियेची उपकरणं फक्त अल्कोहोलने निर्जंतुक केल्यामुळे क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू जखमेत जाऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

विषाणूंबाबत भेद वेगळा आहे. 1963 मध्ये क्लाइन आणि डिफॉरेस्ट यांनी दाखवलं की स्निग्ध आवरण असलेले विषाणू अल्कोहोलला लवकर बळी पडतात, नुसत्या प्रथिनाच्या कवचातले उघडे विषाणू तग धरतात. कोरोना, फ्लू हे पहिल्या गटातले. पोलिओ, हिपॅटायटिस ए आणि उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस दुसऱ्या गटातले. इथे 70 टक्क्यांचा नियमही डळमळतो. पोलिओच्या विषाणूवर सॅनिटायझरमधलं दुसरं अल्कोहोल, आयसोप्रोपिल, जवळपास निकामी आहे, आणि इथेनॉल चालतं ते जास्त तीव्रतेचं. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीच्या जाड भिंतीच्या पुटिकांवरही सॅनिटायझर चालत नाही.

म्हणून बीजाणू बनवणाऱ्या, जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा किंवा नोरोव्हायरसचा रुग्ण असेल, तिथे काळजी घेणाऱ्यांनी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावेत असं सांगतात. साबण बीजाणूला मारत नाही, बीजाणू फक्त त्वचेवरून सुटून पाण्याबरोबर जातो. रुग्णाच्या खाटेची कड, दाराची मूठ आणि संडास क्लोरीनच्या द्रावणानेच पुसावे लागतात.