नफा वाढला म्हणजे पैसा आला का?

"नफा दरवर्षी वाढतोय, म्हणजे कंपनीकडे पैसा येतोच आहे. बाकीची पत्रकं बघायची गरज नाही."

तसं नसतं. माल उधारीवर दिला तरी विक्री नफा-तोटा पत्रकात लगेच नोंदली जाते. समजा विक्री 100, रोखीने केलेला खर्च 80, नफा 20. पण ताळेबंदात ग्राहकांकडची येणी 10 वरून 40 झाली. म्हणजे हातात आले 70 आणि गेले 80. रोकड प्रवाह पत्रकात कामकाजातली रोकड उणे 10 दिसेल.

पाच वर्षांचा नफा आणि कामकाजातली रोकड, दोन्हींची बेरीज करून शेजारी मांडा. रोकड बरीच कमी भरली, तर येणी किंवा मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढलाय का ते ताळेबंदात बघा. झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या कंपनीचंही एखादं वर्ष असं जातं, म्हणून एका वर्षावरून ठरवू नका. बँकांना ही कसोटी लावता येत नाही. पहिल्यांदाच एखाद्या कंपनीची पत्रकं अभ्यासणार असाल, तर बँक निवडूच नका.