प्रश्न केवढा आणि त्यात माझा वाटा केवढा

फेलोशिपच्या अर्जात समाजाला होणाऱ्या उपयोगाबद्दल एक भाग असतो. तिथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. एक, प्रश्न किती मोठा आहे. दुसरी, त्या प्रश्नात माझं काम किती फरक पाडेल. पहिली खरी असते, तिच्या जोरावर दुसरीही खरी वाटायला लागते. लिहिणारा खोटं बोलत असतो असं नाही, त्याला स्वतःलाच ही उडी दिसत नाही.

तासगावकडची एक पीएचडीची विद्यार्थिनी असाच मसुदा घेऊन माझ्याकडे आली होती. विषय द्राक्षावरचा केवडा, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात. पानावर पाणी काही तास टिकलं की या रोगाला आत शिरायला वाट मिळते. पान किती वेळ ओलं राहतं ते सेन्सरने मोजायचं आणि धोका असेल तेव्हाच इशारा द्यायचा, हे तिचं काम. मसुद्यात होतं: 'सांगली जिल्ह्यात केवड्यामुळे द्राक्ष बागायतदारांचे मोठे नुकसान होते. या संशोधनामुळे हजारो शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढेल, औषधांचा वापर कमी होईल आणि निर्यातीला चालना मिळेल.'

पहिल्या वाक्यातून तिचा प्रकल्प वजा केला तरी ते तसंच खरं राहतं. म्हणजे ते प्रश्नाचं वर्णन. ते हवंच, पण एका वाक्यात.

दुसऱ्या वाक्याची क्रियापदं बघा: वाढेल, होईल, मिळेल. कोण वाढवणार, कोण कमी करणार, याचा पत्ता नाही. मराठीत असं कर्त्याला बाजूला ठेवून लिहिणं फार सोपं जातं, सरकारी पत्रकांनी आपल्याला ती सवयच लावली आहे. मी तिला म्हटलं, प्रत्येक 'होईल'च्या जागी कर्ता घालून बघ. तिने घातला: 'बागायतदार फवारण्या कमी करतील.' आणि स्वतःच थांबली. तिच्या वडिलांची बाग आहे.

कारण फळछाटणीनंतर, विशेषतः फुलोऱ्यात, आभाळ आलं की बागायतदार अंदाजाची वाट बघत बसत नाही. एक फवारणी वाया गेली तर औषधाचे आणि मजुरीचे पैसे जातात, चुकली तर घड जातात आणि वर्षच हातचं जातं. धोका नसताना इशारा आला तर त्याचं फार बिघडत नाही, पण धोका असताना इशारा आला नाही तर सगळं संपतं. एकदा तसं झालं की तो पुन्हा त्या यंत्राकडे बघत नाही. म्हणजे 'औषधांचा वापर कमी होईल' हे वाक्य सेन्सरबद्दल नाहीच, ते माणसाच्या विश्वासाबद्दल आहे. आणि तो विश्वास तिच्या फेलोशिपच्या दोन हंगामांत तयार होईल असं सांगायला तिच्याकडे काही आधार नव्हता.

निर्यातीचं तर आणखी लांबचं. ती औषधांच्या अंशांच्या तपासणीवर, बाजारभावावर आणि बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते. तो भाग आम्ही सरळ काढून टाकला.

तिचा वाटा मग कुठे उरतो? तो चुका मोजण्यात आहे. नवा मसुदा असा झाला:

'केवडा हा द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणारा रोग आहे. तो येईल या भीतीने बागायतदार पाऊस नसतानाही फवारणी करतात. मी सहा बागांत दोन हंगाम पानांचा ओलावा मोजेन आणि इशारा किती वेळा खोटा निघाला व किती वेळा आलाच नाही, हे वेगवेगळं नोंदवेन. न आलेल्या इशाऱ्यांचं प्रमाण बागायतदारांना मान्य होण्याइतकं कमी निघालं, तरच फवारणी टाळण्याचा सल्ला पुढे तपासता येईल. तसं न निघाल्यास अंदाज कोणत्या हवामानात चुकतो, हे मी त्या सहा बागायतदारांना मराठीत लिहून देईन.'

यात एकही मोठा आकडा नाही. तरी परीक्षकाला, तो वनस्पतिरोगांचा जाणकार नसला तरी, दोन वर्षांनी काय हातात येईल ते कळतं. युरोपातल्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये परिणामाच्या भागाला 30 टक्के भार असतो. तिथेही अपेक्षित परिणामांत प्रकल्पाचं योगदान किती मोठं आणि किती महत्त्वाचं, असं विचारतात. मोजायचं असतं योगदान.

एक सावधगिरी मात्र घ्या. अतिशयोक्ती काढताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि 'कदाचित थोडासा उपयोग होऊ शकेल' असं लिहितात. तेही तितकंच पोकळ, कारण त्यातही कर्ता नाही आणि अट नाही. वरच्या मसुद्यात 'तरच' आणि 'न निघाल्यास' आहे, 'कदाचित' कुठेच नाही.

तिच्या मार्गदर्शकांना नवा परिच्छेद बारीक वाटला. त्यांनी एकच भर घालायला सांगितली: सहा बागा कशा निवडल्या ते. ती भर योग्य होती, कारण सहाही बागा नात्यातल्या निघाल्या असत्या तर इशाऱ्यावर विश्वास ठेवणारे बागायतदारही नात्यातलेच निघाले असते.