दारातला नमस्कार आणि माईकवरचं स्वागत

केबिन क्रूचं काम नव्याने शिकणारे बहुतेक जण या दोन गोष्टी एकाच आवाजात करतात. दारात उभं राहून घोषणा केल्यासारखं बोलतात, आणि हँडसेट हातात आला की समोर एकच माणूस असल्यासारखं पुटपुटतात. दोन्हीकडे शब्द स्वागताचेच असले तरी कामं वेगळी आहेत. दारातल्या नमस्काराला उत्तर यावं लागतं, माईकवरच्या स्वागताला ते कधीच येत नाही. आवाज आणि लांबी, दोन्ही इथूनच ठरतात.

आधी दार. समजा एअरबस ए३२० आहे, १८० जागा भरलेल्या आहेत आणि सगळ्यांना आत घ्यायला २० मिनिटं आहेत. म्हणजे मिनिटाला नऊ माणसं, एकेकाला साधारण साडेसहा सेकंद. एवढ्यात नमस्कार, बोर्डिंग पासवर नजर आणि दिशा सांगणं, हे तिन्ही उरकायचं असतं. "नमस्कार. चौदा एफ, डाव्या हाताची खिडकी." याला तीन-चार सेकंद लागतात. तिथेच "आमच्या विमानात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे, आपला प्रवास सुखाचा होवो" सुरू केलं, की मागची रांग एअरोब्रिजमध्ये तुंबते. पासवर फ्लाइट नंबर आणि तारीख पाहायची, कारण चुकीच्या विमानात चढणारा माणूस पकडायची ही शेवटची जागा. चार जणांचं कुटुंब असेल तर सगळ्यांना मिळून एकच नमस्कार पुरतो.

"नमस्कार" म्हटल्यावर अर्धा सेकंद थांबायचं, आणि हा अर्धा सेकंद सगळ्यात मोलाचा. समोरच्याच्या उत्तरात जीभ जड वाटते का, दारूचा वास येतो का, धाप लागली आहे का, चेहरा घामाने डबडबलाय का, हे तेव्हाच कळतं. हाताला प्लास्टर असलेल्या माणसाची जागा आपत्कालीन दाराच्या रांगेत असेल, तर ती बदलायची वेळही हीच. नंतर सामान वर चढलेलं असतं. धडधाकट, शांत माणसंही इथेच हेरून ठेवतात, कारण गरज पडली तर त्यांची मदत मागायची असते. पाठ केलेला नमस्कार चेहरा न पाहता म्हटला जातो, आणि मग यातलं काहीच दिसत नाही. पन्नासाव्या माणसानंतर आवाज यंत्रासारखा होऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे "नमस्कार", "या" आणि "गुड मॉर्निंग" आलटून पालटून वापरणं. एरवी सर, मॅडम ठीक आहे; पण काठी टेकत येणाऱ्या बाईंना "आजी, सावकाश या, बॅग मी घेते" हेच शोभतं.

माईकवर मात्र चेहरे नसतात. हवेचा घोंघाट असतो, वरचे कप्पे आपटत असतात, कानात इअरफोन असतात. त्यामुळे लोक अजून बॅगा ठेवत असताना केलेलं स्वागत वाया जातं. सगळे बसल्यावरच बोलावं. हँडसेट तोंडाच्या अगदी जवळ, पण किंचित बाजूला धरायचा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. बटण दाबून एक सेकंद थांबायचं, नाहीतर पहिला शब्द अर्धा जातो. सुरुवातीला "नमस्कार" असण्याचा फायदाही हाच: लोक कान टवकारेपर्यंत जो शब्द हरवतो, तो कामाचा नसतो.

पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचं उदाहरण घेऊ. "आज आपल्या सर्वांचं या विमानात हार्दिक स्वागत करताना आम्हाला अत्यंत आनंद होत असून, आपण सर्वजण पुण्याहून नागपूरकडे प्रयाण करणार आहोत." वीस शब्द झाले, आणि नागपूर आलं शेवटाजवळ. त्याऐवजी: "नमस्कार. नागपूरच्या विमानात आपलं स्वागत. प्रवास साधारण सव्वा तासाचा. कृपया पट्टा बांधा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा." सतरा शब्द, आणि गाव, वेळ, दोन सूचना, सगळं आलं. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगाने हे आठ-नऊ सेकंदांत संपतं. घोषणा दोन भाषांत करायची असली की प्रत्येक फालतू शब्दाची किंमत दुप्पट होते. नियमावलीने ठरवून दिलेला मजकूर मात्र आपल्या मनाने छाटायचा नाही. मोकळीक असते ती स्वागताच्या ओळींपुरती.

सुराची चूक दोन्हीकडे उलटी असते. दारात आवाज फार उंच लागतो. माईकवर तो गाण्यासारखा हेलकावतो, प्रत्येक वाक्याचा शेवट वर जातो, आणि ऐकणाऱ्याला सूर कळतो पण शब्द निसटतात. वाक्य खाली उतरवून संपवावं, मग क्षणभर थांबावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून श्वास संपत आला की नेमकं "बांधा", "ठेवा" हेच पुसट होतात. छोटी वाक्यं तिथे वाचवतात.

विमान उशिरा सुटत असेल तर माईकवर आधी दिलगिरी आणि किती उशीर ते, मग स्वागत. दारात मात्र उशिराचं कारण सांगत बसू नये. ते माईकवर एकदाच सगळ्यांना सांगता येतं, आणि मागे रांग उभी असते.