गॅप कोणती आणि धडा कोणता? मॉक ड्रिलच्या डीब्रीफचं रेकॉर्डिंग रिपोर्टमध्ये उतरवताना

मॉक ड्रिल झाली की लगेच डीब्रीफ होतो, म्हणजे काय घडलं यावर सगळे बसून बोलतात, कोणीतरी टेबलावर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग करतं, आणि मग ते पाऊण तासाचं रेकॉर्डिंग सेफ्टी डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराकडं येतं, "ह्याचा रिपोर्ट करून टाक रे" म्हणून. फॉरमॅटला तीन रकाने असतात. काय शिकलो म्हणजे लेसन, कुठं कमी पडलो म्हणजे गॅप आणि कोण काय दुरुस्त करणार म्हणजे फिक्स. तिसरा रकाना कसाबसा भरतो, पण पहिले दोन बघा कुठल्याही रिपोर्टमधले. गॅपमध्ये लिहिलेलं असतं "हेडकाउंटला उशीर झाला" आणि लेसनमध्ये "हेडकाउंट वेळेत झाला पाहिजे". एकच वाक्य आहे हो ते, नुसतं उलटं करून लिहिलंय.

गॅप म्हणजे इमर्जन्सी प्लॅनमध्ये जे ठरलंय आणि त्या दिवशी जे झालं त्यातला फरक. त्याला वेळ असते, जागा असते, बहुतेक वेळा आकडा पण असतो. धडा म्हणजे तो फरक का पडला हे शोधताना आपल्याला नव्यानं कळलेली गोष्ट, जी दुसऱ्या शेडला आणि दुसऱ्या शिफ्टला पण लागू होते. ओळखायची सोपी खूण सांगतो, ड्रिलच्या आदल्या दिवशी ते वाक्य कोणीही लिहू शकला असता का? "हेडकाउंट वेळेत झाला पाहिजे" हे तर प्लॅनमध्येच छापलेलं आहे, त्यात शिकलो काय?

वाळूज एमआयडीसीतल्या एका युनिटची केस धरू, अमोनियावर चालणारा चिलिंग प्लांट आहे, जुलै महिना, जनरल शिफ्ट. सीन असा दिला होता की कॉम्प्रेसर रूममध्ये लाईनचा फ्लँज लीक झाला. सायरन 11:04 ला वाजला आणि असेंब्ली पॉइंटवरचा हेडकाउंट 11:23 ला पूर्ण झाला. प्लॅनमध्ये 10 मिनिटं आहेत, लागली 19. आता डीब्रीफमध्ये याच्यावर काय बोलणं झालं ते ऐका. एचआरवाले आधी बोलले, "लोक सिरियसली घेतच नाहीत, निवांत गप्पा मारत चालले होते." मग लेबर काँट्रॅक्टरचा सुपरवायझर, "माझे सकाळी 22 आले होते, तिथं 20 भरले, आता ते दोघं कोण हे रजिस्टर बघितल्याबिगर कसं सांगू मी?" आणि मागून गार्डचा आवाज, जरा दबकतच, "सायेब, रजिस्टर तर त्यांच्या केबिनमंदीच राह्यलं ना, अन् तिकडं कोनी जायचं नाई म्हनून तुमीच सांगितलं व्हतं." सगळे हसले आणि विषय पुढं गेला. ते दोघं जण तासाभरापूर्वीच मटेरियलच्या टेम्पोबरोबर रांजणगावला गेले होते, हे पाच-सात मिनिटांनी भलत्याच विषयात कोणीतरी सांगून टाकलं.

घाईत रिपोर्ट करणारा एचआरचं वाक्य उचलतो, कारण ते पहिलं आहे, मोठ्या आवाजात आहे आणि साहेबाचं आहे. मग लेसनमध्ये येतं "कामगारांमध्ये गांभीर्याचा अभाव", आणि फिक्समध्ये "जनजागृती करावी". पण ते मत आहे. गार्ड जे बोलला ती घडलेली गोष्ट आहे. लोक जरा भराभर चालले असते तर दोन-तीन मिनिटं वाचलीही असती, पण ती दोन नावं मात्र कळलीच नसती.

म्हणून गॅप अशी लिहायची: हेडकाउंटला 10 ऐवजी 19 मिनिटं लागली, कारण दोन कंत्राटी कामगारांची नावं आणि ठावठिकाणा कळत नव्हता. आणि धडा असा: आत कोण आहे याची यादी जर रिकाम्या करायच्या बिल्डिंगमध्येच ठेवली असेल तर ऐन वेळी ती हाताला लागत नाही, आणि कंत्राटी माणूस मधेच बाहेर गेला तर त्याची नोंद आपल्याकडं होतच नाही. हा धडा ट्रक ड्रायव्हरला लागू आहे, व्हिजिटरला लागू आहे, एएमसीवाल्या मेकॅनिकला पण आहे. खरा लीक असता तर काय झालं असतं हे एका ओळीत खाली लिहावं असं माझं मत आहे, कारण त्याशिवाय वरच्या माणसाला 9 मिनिटांचं काही वाटत नाही. दोन माणसं आत अडकलीत असं समजून रेस्क्यूवाले एससीबीए, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घ्यायचा सेट, घालून परत आत गेले असते, भरलेल्या सिलिंडरवर अंगमेहनतीच्या कामात साधारण अर्धा तास मिळतो, आणि तो अर्धा तास रांजणगावला गेलेल्या माणसांना शोधण्यात गेला असता.

आता खरी गंमत. त्याच रेकॉर्डिंगमध्ये 27 व्या मिनिटाला मेंटेनन्सचा एक फिटर सहज म्हणतो, "बरं झालं खरा अमोनिया नव्हता, वारं सगळं आपल्याच अंगावर येत होतं." परत हशा. असेंब्ली पॉइंट आहे पूर्वेच्या गेटजवळ, आणि आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, म्हणजे प्लांटवरून सरळ गेटकडं. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असतो म्हणून तो वर निघून जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण प्रेशरखालचा लिक्विड अमोनिया फुटून बाहेर आला की थंडगार पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकत जातं. 300 पीपीएमला अमोनिया जिवावर बेतू शकतो असं धरतात. म्हणजे आपण सगळ्या लोकांना शिस्तीत रांगेत नेऊन धुक्याच्या वाटेवर उभं केलं, वर 19 मिनिटांनी हेडकाउंट पूर्ण होईस्तोवर तिथंच ठेवलं.

यात गॅप किती? शून्य. प्लॅनमध्ये पूर्वेचा गेट लिहिलाय, लोक पूर्वेच्या गेटला गेले, टिक मारून मोकळे. पण त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धडा हाच होता. दोन्ही रकाने एकच समजण्याचा तोटा इथं दिसतो, कारण गॅपवरून धडा काढायची सवय असली की जिथं प्लॅनच चुकीचा आहे तिथं हातात गॅप येत नाही आणि धडा पण निसटतो. असली गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक हशाच्या आसपास सापडते, कारण साहेबासमोर प्लॅन चुकला असं सरळ कोण म्हणणार, त्यामुळं माणूस गमतीत बोलून जातो. मी तर म्हणतो जिथं हसू ऐकू येईल तिथं थांबून अर्धं मिनिट मागं जाऊन परत ऐका.

उलटं पण असतं. स्टोअरमधल्या एका एससीबीए सेटमध्ये 300 बारच्या जागी 180 बारच निघालं. ही गॅप आहे, सिलिंडर भरून आणायचा, संपलं. याच्यावर ओढूनताणून "सुरक्षा साधनांची निगा महत्त्वाची" असला धडा लिहू नका, रकाना रिकामा राहिला तरी चालतो. हां, मागच्या ड्रिलच्या रिपोर्टमध्ये पण हेच निघालं असेल आणि दर महिन्याच्या चेकलिस्टवर ओके लिहून सह्या असतील तर गोष्ट वेगळी, मग धडा हा की ती चेकलिस्ट गेजकडं न बघताच भरली जातेय.

ऐकायची माझी पद्धत अशी की पहिल्यांदा ऐकताना रकाने उघडायचेच नाहीत. नुसती वाक्यं लिहायची, पुढं रेकॉर्डिंगचं मिनिट आणि बोलणाऱ्याचं पद, नाव नको. नाव आलं की गॅप त्या माणसाची होते आणि पुढच्या डीब्रीफला गार्ड तोंड उघडत नाही. मग प्रत्येक वाक्यापुढं खूण करायची, पाहिलेलं की वाटलेलं. वेळा मात्र कोणाच्याच तोंडच्या घ्यायच्या नाहीत, एचआर म्हणतात 12 मिनिटं, गार्ड म्हणतो अर्धा तास, सीसीटीव्हीत बघा. त्यात पण सायरनची वेळ पॅनलवरून आणि हेडकाउंटची कॅमेऱ्यावरून घेतली तर दोन घड्याळांचा फरक मधे येतो, म्हणून सायरन ऐकून लोक उठले ते आणि शेवटचा हात वर झाला ते, दोन्ही कॅमेऱ्याच्याच घड्याळावरून मोजायचं.

फिक्स कशाला जोडायचा यावर पण घोळ होतो. गॅपला जोडलेला फिक्स त्या दिवशीचं भोक बुजवतो, धड्याला जोडलेला फिक्स पद्धत बदलतो, आणि दोन्ही लागतात. हेडकाउंटसाठी गॅपचा फिक्स म्हणजे कंत्राटी रजिस्टर केबिनमधून उचलून गेटवर आणणं, सिक्युरिटी इन्चार्ज, याच आठवड्यात. धड्याचा फिक्स म्हणजे कंत्राटी माणूस गेटबाहेर पडला की तिथंच आउटची एंट्री, टेम्पोत बसलेला असला तरी, आणि झालं की नाही याचा पुरावा म्हणून कुठल्याही दिवशी न सांगता गेटवरचा आकडा आणि शेडमधली माणसं जुळवून बघायची. "टूलबॉक्स टॉक घेतला", "गार्डला समज दिली" हे फिक्स नव्हेत, उद्या गार्ड बदलला की सगळं पुन्हा तसंच. एका फिक्सला एकच माणूस लिहा, "मेंटेनन्स व एचआर" असं लिहिलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

वाऱ्याचा फिक्स जरा अवघड होता. सगळ्यांना "विंडसॉक बघून पळा" सांगून भागत नाही, दोनशे माणसांत दोनशे दिशा होतील. दुसरा असेंब्ली पॉइंट पश्चिमेच्या पार्किंगला करायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघून कुठला वापरायचा हे शिफ्ट इन्चार्जनं ठरवायचं आणि सायरननंतर लगेच माइकवर सांगायचं. रात्री दिसावा म्हणून विंडसॉकवर लाईट, ते काम इलेक्ट्रिकलकडं.

गॅप आणि धड्याचा हा घोळ का होतो याचं एक कारण मात्र उघड आहे. ज्या कारखान्यांत घातक रसायनांचा साठा ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यांना 1989 च्या नियमांनुसार दर 6 महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यावी लागते आणि तिचा रिपोर्ट सरकारी यंत्रणेला द्यावा लागतो. त्यामुळं गॅप लिहिली की कबुलीजबाब दिल्यासारखं वाटतं, मग मॅनेजमेंट म्हणतं, गॅप कशाला, लेसनमध्ये टाका, तिथं शब्द गोड दिसतात. पण आकडा आणि तारीख असलेली गॅप, खाली तिचा फिक्स आणि बंद झाल्याचा पुरावा, असा रिपोर्ट कोणालाही दाखवता येतो. सगळं छान झालं म्हणणारा रिपोर्ट वाचून तपासणीला आलेल्या माणसाला उलट शंका येते.

आणि एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही. डीब्रीफमध्ये अँब्युलन्स 3 मिनिटांत आली म्हणून टाळ्या वाजल्या. ती सकाळपासून गेटवरच उभी होती, ड्रायव्हरला वेळ पण माहीत होती. हे ना गॅप ना धडा, हे तपासलंच गेलं नाही, आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं: "अँब्युलन्स प्रतिसाद, या ड्रिलमध्ये तपासला नाही." पुढची ड्रिल डिसेंबरात आहे, तेव्हा वारं पूर्वेकडून असेल, ती रात्रपाळीत घ्यायची आणि अँब्युलन्सवाल्याला आधी सांगायचं नाही.