ऑर्डर सेव्ह होत नाही? पत्त्यात टिंब टाकू नका

द्राक्षाचा हंगाम लागला की आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानांतून एकच फोन येतो: "ऑर्डर भरली, सेव्ह दाबलं आणि इंग्रजीत काहीतरी आलं." ते काहीतरी म्हणजे हे:

```
Object reference not set to an instance of an object.
```

चलनावर गाव छापायचं म्हणून सेव्ह करताना प्रोग्रॅम ग्राहकाचा पत्ता उघडतो. तिथे पत्ता नसेल तर तो अडकतो. पत्ता ऐच्छिक ठेवला आम्हीच आणि प्रोग्रॅममधली तो उघडणारी ओळ लिहिताना तो असेलच असं धरलंही आम्हीच. चूक आमची आहे.

मग काही बिनपत्त्याच्या ग्राहकांची ऑर्डर सेव्ह कशी होते? दिंडोरी रोडवरच्या एका खत दुकानात हाच घोळ होता. एका शेतकऱ्याचं नाव काउंटरवर भरलेलं, पत्त्याचा रकाना कोरा. तिथे पत्त्याची नोंद रिकामी का होईना, तयार झाली होती. दुसरं नाव जुन्या एक्सेल यादीतून आलेलं. तिथे नोंदच नव्हती, म्हणजे `NULL`. रिकामी पिशवी उघडून बघता येते, पण पिशवीच नसेल तर हात कशात घालणार? ही अडचण मुख्यतः यादीतून आणलेल्या नावांनाच येते, ती यामुळे.

आता आमचा खरा वेळ जातो तिथे येऊ. काम अडू नये म्हणून काउंटरवरचा मुलगा पत्त्यात "." किंवा "NA" टाकतो. ऑर्डर सेव्ह होते, पण चलनावरही टिंबच छापलं जातं आणि टेम्पोवाला गाव विचारायला फोन करतो. शिवाय जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं बिल ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर त्यावर नाव-पत्ता लागतोच. पत्ता नसेल तर आमचं सॉफ्टवेअर तिथे थांबवतं. टिंब दिसलं की पत्ता आहे असं समजून पुढे जातं. अशी टिंबं नंतर एकेक करून शोधावी लागतात.

पत्ता सक्तीचा का करत नाही, असंही विचारतात. दोन पिशव्या खत रोखीने नेणाऱ्याला पत्ता विचारत बसलात तर मागची रांग कोण सांभाळणार?

नव्या अपडेटमध्ये ती ओळ अशी आहे:

```csharp
order.City = customer.Address?.City ?? "";
```

पत्ता नसला तर गावाची जागा कोरी राहते, ऑर्डर अडत नाही. वार्षिक देखभाल करारात हे अपडेट मोफत आहे. तोवर त्या इंग्रजी संदेशाची चौकट आली तर ऑर्डर अर्धवट साठली असेल ही भीती नको. अडचण साठवण्याआधीच येते, त्यामुळे स्टॉकही हलत नाही. ओके दाबण्याआधी ग्राहकाच्या नावासकट अख्ख्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. नुसत्या चौकटीच्या फोटोवरून कोणाचा पत्ता ते कळत नाही.

जुन्या यादीत टिंबं आधीच पडली असतील, तर नाशिक शहरात आमचा माणूस दुकानात येऊन ती साफ करून देतो. करारवाल्यांना पहिली फेरी विनाशुल्क आहे.