आजारपणातला काढा रोजचा कसा झाला

ठाण्यातल्या घरांत तुळस, सुंठ आणि मिरी उकळून देणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण ते आजाऱ्यासाठी. दोन-तीन दिवस निजताना गूळ घालून कपभर द्यायचा, ताप उतरला की बंद. निरोगी माणसांनी तोच काढा वर्षभर रोज पिणं मात्र अगदी अलीकडचं आहे.

31 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत, आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी काही सूचना दिल्या. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा, अशी त्यात एक सूचना होती. पाठोपाठ एप्रिलमध्ये ‘आयुष क्वाथ’चं प्रमाण आलं: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरी 1. त्याची 3 ग्रॅम भुकटी 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात टाकायची. आयुर्वेदाच्या भाषेत हा क्वाथ नाहीच, फांट आहे, म्हणजे गरम पाण्यात नुसतं भिजवून केलेलं पेय. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याचा क्वाथ म्हणजे औषधाच्या सोळापट पाणी घालून, आटवून आठवा हिस्सा उरवायचा आणि गाळून प्यायचा. म्हणजे मंत्रालयाचं पेय सौम्य होतं, आणि त्यात मिरी सगळ्यात कमी होती.

घराघरांत पोचेपर्यंत हे प्रमाण गळून पडलं. हिशोब करून पाहू. 3 ग्रॅममध्ये एकूण 9 भाग, म्हणून मिरी एक तृतीयांश ग्रॅम, साधारण सहा-सात दाणे. आता समजा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या घरी कपामागे चहाचा अर्धा चमचा मिरपूड पडते. ती झाली सुमारे एक ग्रॅम, म्हणजे तिप्पट. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री निजताना घेतली, वर गाळ न काढता प्यायली, तर दिवसाला दोन ग्रॅम. 1987 सालच्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या जठरात दीड ग्रॅम मिरी सोडली, तेव्हा आम्ल वाढलं, अस्तराच्या पेशी जास्त झडल्या आणि काहींना सूक्ष्म रक्तस्रावही झाला. तो एका वेळचा परिणाम होता. इथे रोज होतंय. छातीत जळजळ, आंबट ढेकर, उपाशीपोटी पोटात आग ही त्याची पहिली लक्षणं, आणि काढा आठवडाभर बंद करून ती ओसरतात का हे घरीच कळतं. शौच काळं डांबरासारखं झालं तर मात्र वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चरकाने आपल्या संहितेच्या विमानस्थान या भागात पिप्पली, क्षार आणि मीठ यांचा अतिवापर टाळायला सांगितलं आहे. मिरी पिप्पलीच्याच कुळातली. ‘आयुर्वेदिक आहे, रोज घेतलं तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्यांना मला हेच दाखवावंसं वाटतं.

यकृताचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते आपल्या शेजारीच घडलं. 2020 च्या उत्तरार्धात मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. सहाही जण गुळवेल घेत होते. 2021 मध्ये तो अहवाल छापून आला. मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांची माहिती आली. आपल्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याची प्रवृत्ती त्यांतल्या अनेकांत दिसली. हे महत्त्वाचं अशासाठी की प्रतिकारशक्ती चाळवणारं औषध नेमकं याच माणसांना महाग पडतं.

मूळ काढ्यात गुळवेल नव्हती. कुंपणावर सहज उगवते म्हणून ती लोकांनी पातेल्यात आणली. तुळस, सुंठ, मिरी यांवर तसा ठपका नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा जाड सालीची कॅसिया मिळते. तिच्यातलं कूमारिन हे द्रव्य काही संवेदनशील लोकांच्या यकृताला त्रास देतं. आणि मिरीतलं पायपरीन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. फिट्सची फेनिटॉइन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काढ्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगावं.

लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, यांतलं काही दिसलं तर काढा आणि पूड दोन्ही थांबवून बिलिरुबिन व एसजीपीटी या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. पातेल्यात काय काय, किती आणि किती महिने घातलं याची यादी डॉक्टरांकडे न्यावी, पुडीची पाकिटंही सोबत. विचारलं नाही तर रुग्ण हे सांगतच नाहीत, कारण घरचा काढा त्यांच्या हिशोबी औषध नसतो.