दोन कॅन, एकच खूण: स्टोअरमधल्या एकपानी कार्डाची पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये ५० लिटरचे निळे कॅन भिंतीला लागून एका रांगेत उभे होते. अर्ध्या कॅनमध्ये ३० ते ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होते. पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटचे रेझिन रिजनरेट करायला ते लागते. उरलेल्या कॅनमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्यात टाकायचे सोडियम हायपोक्लोराइट होते, ज्याला तिथे सगळे नुसते ‘हायपो’ म्हणतात. दोन्ही एकत्र का ठेवले, असे विचारल्यावर स्टोअरकीपर म्हणाले, “दोघांवर एकच खूण हाय न भाऊ, मंग एकाच लाइनीत लावले.”

त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. दोन्हींवर परीक्षानळीतून हातावर आणि धातूवर थेंब पडतो ते लाल चौकटीतले चित्र आहे. दोन्हींच्या सुरक्षा पत्रकात H314 हाच संकेत आहे, म्हणजे कातडी जळते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते. वाहतुकीच्या वर्गवारीत दोन्ही वर्ग ८ मध्ये येतात. यूएन क्रमांकसुद्धा जवळजवळ शेजारी आहेत: अ‍ॅसिडचा १७८९, हायपोचा १७९१. आणि ही दोन एकमेकांत मिसळली की क्लोरीन वायू सुटतो.

```
NaOCl + 2HCl → Cl2 + NaCl + H2O
```

चौकटीवरून रचलेले स्टोअर इतके धोक्याचे का ठरू शकते, हे समजायला ही पत्रके कुठून आली ते पाहावे लागते. आपण ज्याला सवयीने एमएसडीएस म्हणतो, तो कागद विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगायच्या माहितीतून जन्मला. अमेरिकेत १९८३ साली कामगारांना रसायनांचा धोका कळवण्याचा नियम आला आणि १९८५ मध्ये तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने, ऑशाने, १७४ क्रमांकाचा नमुना काढला. तो दोन पानांचा होता. एक रसायन, एक उत्पादक, एक कागद अशी त्याची कल्पना होती. शेजारी दुसरा कोणता कॅन उभा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि आजही नाही.

आपल्याकडे ही जबाबदारी कायद्यात आली ती भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री रुग्णालयांत माणसे येत होती, पण नेमका कोणता वायू आहे आणि त्यावर काय करायचे हे डॉक्टरांना कुणी सांगितलेले नव्हते. १९८७ च्या दुरुस्तीने फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम ४१बी आले आणि कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांच्या ९ व्या परिशिष्टात सुरक्षा पत्रकाचा नमुना दिला गेला. त्या नमुन्यात प्रथमोपचार सातव्या जागी आहेत. आधी रासायनिक ओळख, मग भौतिक गुणधर्म, आग, अभिक्रियाशीलता, आरोग्य, प्रतिबंध आणि त्यानंतर “काय करायचे”. निवांत टेबलाशी बसून वाचणाऱ्यासाठी हा क्रम ठीक आहे.

आज आपल्याला भेटते ते १६ विभागांचे पत्रक. १९९२ च्या रिओ परिषदेत सगळ्या देशांची वर्गवारी एक करायचे ठरले आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची जीएचएस पद्धत छापून आली. लाल चौकटी, धोक्याचे H संकेत आणि खबरदारीचे P संकेत तिथूनच आले. एक छोटी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधीच्या १६ विभागी पत्रकांत दुसऱ्या विभागात घटक आणि तिसऱ्यात धोके असायचे; जीएचएसने त्यांची अदलाबदल केली. त्यामुळे फाइलमधल्या पत्रकाच्या दुसऱ्या विभागात टक्केवारीचा तक्ता दिसला, तर ते पत्रक जुने आहे असे समजावे आणि पुरवठादाराकडून नवे मागवावे.

या पत्रकातून काढून स्टोअरच्या दारावर लावायच्या एकपानी कार्डाची वंशावळ मात्र वेगळी आहे. एक धागा रस्त्यावरचा. आपल्या मोटार वाहन नियमांनुसार, तेही १९८९ चेच, घातक माल नेणाऱ्या टँकरच्या चालकाजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे वाटेत अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारा कागद, असावे लागते. वर्धा रोडवर टँकरच्या पाठीवर यूएन क्रमांकाची पाटी दिसते, ती त्याच व्यवस्थेतली. दुसरा धागा म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेली आंतरराष्ट्रीय रासायनिक सुरक्षा कार्डे. एका कागदाच्या दोन बाजूंत मावणारी. त्यांतला तक्ता मला या सगळ्या कागदांमध्ये सर्वांत शहाणा वाटतो. आडव्या ओळींत श्वास, कातडी, डोळे आणि पोट. उभ्या रकान्यांत लक्षणे, बचाव आणि प्रथमोपचार. माणूस घाबरून धावत येतो तेव्हा त्याच्या डोक्यात “डोळ्यात गेलं” एवढेच असते, आणि कार्ड तिथूनच सुरू होते.

नागपूर हे स्फोटके आणि पेट्रोलियम यांच्या परवान्यांच्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय आहे. त्यामुळे इथल्या कारखानदारांत “लायसन्स” या शब्दाला मोठे वजन आहे. डिझेलच्या साठ्याचा परवाना व्यवस्थित आहे म्हणून स्टोअरचेही सगळे व्यवस्थित आहे, अशी समजूत मी अनेकदा ऐकली आहे. अ‍ॅसिड आणि हायपोचा त्या परवान्याशी काही संबंध नाही.

आता हायपोचे पत्रक उघडून कार्ड काढू. दुसऱ्या विभागात H314 मिळते, ते घ्यायचे. पण क्लोरीनचा धोका त्या विभागात बहुधा सापडत नाही. जीएचएसच्या वर्गवारीत “अ‍ॅसिडशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो” असा संकेतच नाही. युरोपच्या जुन्या पद्धतीत तो R31 होता, आणि युरोपने तो स्वतःपुरता EUH031 म्हणून टिकवला. युरोपी पुरवठादाराच्या पत्रकात तो दिसेल. आपल्याकडच्या पुरवठादाराच्या पत्रकात दिसेलच असे नाही. मग ही गोष्ट असते कुठे? दहाव्या विभागात, “विसंगत पदार्थ: अ‍ॅसिड्स” अशा तीन शब्दांत. कधी सातव्या विभागातल्या साठवणुकीच्या परिच्छेदात. दुसरा आणि चौथा विभाग उतरवून तयार केलेले कार्ड दिसायला पूर्ण असते, पण या स्टोअरमधला सर्वांत मोठा धोका त्यातून गळालेला असतो. म्हणून मी दहाव्या विभागापासून सुरुवात करतो आणि त्यातला प्रत्येक पदार्थ स्टोअरच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत जो आहे त्याचे नाव कार्डावर जाते, “अ‍ॅसिड्स” असा मोघम शब्द जात नाही.

हा धोका किती मोठा आहे याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. १० टक्के उपलब्ध क्लोरीनच्या १ लिटर हायपोतून जास्तीत जास्त १०० ग्रॅम क्लोरीन सुटू शकतो, म्हणजे साधारण ३४ लिटर वायू. खोली ५ बाय ४ मीटरची आणि ३ मीटर उंच असेल तर तिच्यात ६०,००० लिटर हवा असते. सगळा वायू एकसारखा पसरला असे धरले तर प्रमाण दहा लाख भागांत ५७०, म्हणजे ५७० पीपीएमच्या आसपास जाते. जिवाला तत्काळ धोका मानण्याची क्लोरीनची पातळी १० पीपीएम आहे. प्रत्यक्षात वायू एकदम सुटत नाही आणि एकसारखा पसरतही नाही. तो हवेहून सुमारे अडीचपट जड असल्यामुळे खाली, नेमका वाकून कॅन उचलणाऱ्याच्या तोंडापाशी साचतो. आणि १ लिटर मिसळायला मोठा अपघात लागत नाही. अ‍ॅसिडचा मग हायपोत बुडाला, चुकीच्या डोझिंग टाकीत कॅन ओतला, किंवा दोन्हींची गळती एकाच ट्रेमध्ये उतरली, एवढे पुरे होते.

चौथ्या विभागात दुसरा सापळा आहे. जुन्या पत्रकांत आणि जुन्या माणसांच्या डोक्यात “अ‍ॅसिडवर सोडा, अल्कलीवर व्हिनेगर” हे सूत्र अजून आहे. हायपो अल्कधर्मी आहे. त्यावर व्हिनेगर ओतले तर आपणच क्लोरीन तयार करू. पोटात गेल्यावर उलटी करवण्याचा सल्लाही आता या पदार्थांसाठी दिला जात नाही, कारण जाळणारा द्रव अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा वर येतो. आजचे P संकेत तोंड धुवा आणि उलटी करवू नका, एवढेच सांगतात. डोळ्यांसाठी मात्र ते “काही मिनिटे” म्हणून मोकळे होतात. कार्डावर असे चालत नाही, तिथे १५ मिनिटे लिहावे.

भाषेचा प्रश्नही आहेच. हे संकेत मराठीत अधिकृतरीत्या मिळत नाहीत, त्यामुळे भाषांतर आपल्यालाच करावे लागते. पहिल्या कार्डावर मी “दाहक” लिहिले, तर एका हेल्परने ते “पेट घेणारे” असे वाचले आणि पाण्याच्या नळाऐवजी फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे ते विचारले. दुसऱ्या कार्डावर मी “कातडी जाळते, पेट घेत नाही” असे लिहिले. आकड्यांचीही अशीच गफलत होते. अमेरिकी अग्निशमन चौकोनात ४ म्हणजे सर्वांत वाईट, तर जीएचएसमध्ये श्रेणी १ सर्वांत वाईट. दोन्ही आकडे एका कार्डावर आले की वाचणारा गोंधळतो, म्हणून मी एकही लिहीत नाही.

शेवटी हायपोचे कार्ड असे उतरले:

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, १० ते १२ टक्के). यूएन १७९१.
कातडी आणि डोळे जाळते. पेट घेत नाही.
हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडजवळ ठेवू नका. ट्रे, मग, नळी, फनेल वेगळे.
सावलीत ठेवा. हवा जाणारेच झाकण लावा.
ओतताना निओप्रीन किंवा पीव्हीसी हातमोजे, बंद गॉगल, अ‍ॅप्रन.
डोळ्यात: पापण्या उघडून १५ मिनिटे पाणी, मग दवाखाना.
अंगावर: कपडे काढा, १५ मिनिटे पाणी. काही चोळू नका.
पोटात: तोंड धुवा. उलटी करवू नका. दवाखाना.
उग्र वास किंवा हिरवट धूर: सगळे बाहेर. श्वास लागलेल्याला टेकवून बसवा. बरे वाटले तरी दवाखान्यात न्या, छातीचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.
अ‍ॅम्ब्युलन्स १०८, अग्निशमन १०१. जाताना हे कार्ड आणि मूळ पत्रक सोबत न्या.

“हातमोजे” या शब्दापुढे “योग्य” असे लिहून भागवणारी पत्रके पुष्कळ आहेत. आठव्या विभागात निओप्रीन, पीव्हीसी असे नाव मिळेपर्यंत पुरवठादाराला विचारत राहावे लागते. झाकण आणि सावली मात्र नागपूरमुळे कार्डावर आली. हायपो उष्णतेत लवकर विघटित होतो, ऑक्सिजन सुटतो आणि घट्ट बुचाचा कॅन फुगतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये कॅनचे पोट बाहेर आलेले दिसते.

कार्डावर न मावलेली एक गोष्ट डोळे धुण्याच्या नळाची. त्या नळाचे पाणी कोमट, साधारण १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावे, असे अमेरिकी मानक सांगते. हिंगण्याच्या त्या कारखान्यात नळाला पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येत होते. मे महिन्यात दुपारी थर्मामीटर धरला तर तो ४४ दाखवत होता. तेवढ्या गरम पाण्याखाली कुणी १५ मिनिटे डोळा उघडा ठेवत नाही. नळाची जोडणी जमिनीखालच्या टाकीच्या पंपावर घेतली आणि अ‍ॅसिडचे कॅन शेडच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या ट्रेमध्ये नेले. हायपो आणि अ‍ॅसिड, दोन्हींच्या कार्डांच्या कोपऱ्यात मूळ पत्रकाच्या १६ व्या विभागातली सुधारणेची तारीख लिहिली. पुरवठादार बदलला की स्टोअरकीपर ती तारीख नव्या पत्रकाशी जुळवून बघतात.